फ्लूनंतर पुन्हा धावायला कधी लागायचं? गोव्यातल्या पावसाळी तापानंतरचे पहिले चार आठवडे

चवथ आटोपली की गोव्यात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. डिसेंबरात वास्कोजवळ चिखलीला होणाऱ्या गोवा रिव्हर मॅरेथॉनची तयारी म्हणून लोक पहाटे पळायला लागतात, आणि त्याच दिवसांत घरोघरी ताप फिरत असतो. सणाला पाहुणे येऊन गेलेले असतात, शाळा सुरू झालेल्या असतात, पाऊस अधूनमधून येतच असतो. मग प्रत्येक गटातले तीन-चार जण आठवडाभर गायब होतात आणि परतल्यावर पहिला प्रश्न विचारतात, ‘ताप गेला, आता किती दिवस थांबू?’

या प्रश्नाचं उत्तर दिवसांत देता येतं, पण दिवस मोजायचे कुठून हे आधी ठरायला हवं. बहुतेक जण ताप आला त्या दिवसापासून मोजतात आणि तिथेच हिशेब चुकतो. खाली जे सांगतोय ते आठवड्यातून तीन-चार दिवस धावणाऱ्या, एरवी धडधाकट असलेल्या प्रौढ माणसासाठी आहे. हृदयविकार, दमा, मधुमेह असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका.

आधी ताप कोणता ते कळू द्या

थंड देशांतला फ्लूवरचा सल्ला इथे जसाच्या तसा उचलता येत नाही, कारण आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू असतो, मलेरिया असतो, शेतात किंवा तुंबलेल्या पाण्यात वावर असेल तर लेप्टोही असतो. पहिले दोन दिवस हे सगळे ताप एकसारखेच दिसतात: अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, थंडी वाजते. नाक गळणं, घसा दुखणं, खोकला ही लक्षणं फ्लूकडे बोट दाखवतात. ती नसतील आणि डोळ्यांच्या मागे दुखत असेल, अंगावर पुरळ असेल, तर डेंग्यूची एनएस-वन चाचणी आणि रक्ततपासणी लवकर करून घ्या. एनएस-वन पहिल्या चार-पाच दिवसांतच खात्रीची असते, पुढे ती नकारात्मक येऊ शकते.

हे धावणाऱ्यांनी नीट समजून घ्यायला हवं, कारण दोन तापांत ‘ताप उतरला’ याचा अर्थ अगदी उलटा असतो. फ्लूत ताप उतरला म्हणजे आजार ओसरायला लागला. डेंग्यूत मात्र धोक्याचा काळ बहुधा ताप उतरतानाच येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, प्लेटलेट घसरतात, आणि माणसाला मात्र आज बरं वाटतंय असं वाटत असतं. त्या दिवशी धावणं सोडाच, बाजारात चक्करही नको. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त येणं, विलक्षण गळून जाणं यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठा. जवळच्या आरोग्य केंद्रात सोय नसेल तर थेट गोमेकॉत बांबोळीला जा.

डेंग्यू निघाला तर पुढचं वेळापत्रक तुमच्यासाठी नाही. त्यात डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासून प्लेटलेट सावरल्याचं सांगेपर्यंत व्यायाम बंद, आणि अशक्तपणा कित्येक आठवडे रेंगाळू शकतो. मलेरियात प्लीहा सुजलेली असू शकते, पोटावर मार बसला तर ती फाटू शकते. म्हणून आपल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी मलेरियानंतर डॉक्टरांच्या होकाराशिवाय मैदानात उतरू नये. आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अंगदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यातलं काही घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालतं.

यापुढे धरून चालू की ताप फ्लूचाच आहे.

अंगात ताप असताना काहीच का नाही

‘थोडा घाम काढला की ताप जातो’ असं अजूनही ऐकू येतं. अंगात ताप असताना हृदय आधीच जादा काम करत असतं. ताप एक अंश सेल्सियसने, म्हणजे जवळपास दोन अंश फॅरनहाइटने चढला की नाडी मिनिटाला आठ-दहा ठोक्यांनी वाढते. त्यावर धावण्याचा भार टाकला की शरीराचं तापमान आणखी चढतं, आणि घामाने ते उतरवण्याची सोय आपल्या दमट हवेत आधीच अपुरी असते.

दुसरं कारण दुर्मीळ आहे, पण जिवावर बेतणारं आहे. फ्लूचे आणि इतरही काही विषाणू कधीकधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचून तिथे दाह निर्माण करतात. अशा विषाणूंची लागण केलेल्या उंदरांना पोहायला लावलं तेव्हा हृदयातले विषाणू वाढले आणि अधिक उंदीर दगावले, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. माणसांवर असा प्रयोग कोणी करणार नाही. पण हृदयस्नायूचा दाह झालेल्या खेळाडूंना तीन ते सहा महिने व्यायाम बंद करायला सांगतात, यावरून गांभीर्य कळावं.

साध्या सर्दीला वेगळा नियम आहे. लक्षणं गळ्याच्या वर असतील, म्हणजे नाक चोंदलंय, घसा खवखवतोय, ताप अजिबात नाही, तर अर्धा तास हळू चालायला-धावायला हरकत नसते. छातीत कफ, अंगदुखी, ताप, जुलाब असं गळ्याच्या खाली काही असेल तर पूर्ण विश्रांती.

शून्य दिवस ठरवा

तापाच्या गोळीशिवाय ज्या दिवशी पूर्ण चोवीस तास ताप आला नाही, तो दिवस म्हणजे शून्य दिवस. दिवस मोजायचे ते त्याच्यापुढे.

यातले ‘गोळीशिवाय’ आणि ‘पूर्ण चोवीस तास’ हे दोन्ही शब्द अक्षरशः घ्या. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास टिकतो, त्यामुळे गोळी घेऊन दोन तासांनी लावलेला थर्मामीटर काही सांगत नाही. त्याहून फसवी असते सर्दीची गोळी. ‘मी तापाची गोळी कालच बंद केली’ असं म्हणणारा माणूस नाकासाठी रोज रात्री जी गोळी घेत असतो, तिच्या पाठीमागे बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल लिहिलेलं असतं. पाकीट उलटून वाचा. त्याच गोळीत नाक मोकळं करणारं जे औषध असतं त्याने काहींची नाडी वाढते, आणि झोप आणणाऱ्या औषधाने घाम कमी होऊ शकतो. अशी गोळी चालू असेपर्यंत धावायचं नाही, असा सरळ नियम करा.

चोवीस तास यासाठी, की शरीराचं तापमान पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतं. सकाळी ९८ दाखवणारा थर्मामीटर संध्याकाळी सहाला १०० दाखवू शकतो. म्हणून दिवसातून दोनदा मोजा, सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान. संध्याकाळचा आकडा ९९.५ च्या आत राहिला तरच तो दिवस धरा.

शून्य दिवसानंतर किती थांबायचं

जितके दिवस ताप होता, निदान तितके दिवस व्यायामाशिवाय काढायचे, आणि कमीत कमी तीन. दोन दिवस ताप असेल तरी तीन, पाच दिवस असेल तर पाच. हा प्रयोगशाळेतून आलेला आकडा नाही, प्रशिक्षक आणि डॉक्टर वापरतात तसा सावध अंदाज आहे, आणि सावध बाजूला चुकणं इथे स्वस्त पडतं. कारण दहा दिवसांच्या विश्रांतीने तुमची दमसास फारशी जात नाही. खरी घट दोन-तीन आठवड्यांनंतर दिसते, तीही सहसा दहा टक्क्यांच्या आतच. पहिल्या काही दिवसांत जे कमी होतं ते मुख्यतः रक्तातलं पाणी. त्यामुळे परतल्यावर नाडी जास्त पळते, पण ते पाणी लवकर भरूनही निघतं.

या थांबण्याच्या दिवसांत अंथरुणाला खिळून राहायची गरज नाही. घरात वावरा, अंगणात फिरा, दुपारी झोपा. उकड्या तांदळाची पेज मीठ घालून दिवसातून दोनदा घेतली तर पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही एकदम मिळतात, आणि तोंडाला चव नसतानाही ती उतरते. भूक परतली की मासळी, अंडी, डाळ हवीच. तापात स्नायूही झिजतात.

दिवस भरले म्हणून लगेच सुटायचं नाही. आणखी दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. पहिली, सकाळची नाडी. उठल्या उठल्या, अंथरुणातून न उतरता, मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. तुमच्या नेहमीच्या आकड्याहून ती पाचपेक्षा जास्त नसावी. दहाने जास्त असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, कसंही वाटत असलं तरी. नेहमीचा आकडा माहीत नसेल तर तब्येत चांगली असताना चार-पाच सकाळी मोजून कुठेतरी लिहून ठेवा. दुसरी गोष्ट, जिने. दोन मजले सावकाश चढा आणि वर पोचल्यावर कुणाशी तरी सलग दोन वाक्यं बोलून बघा. धाप लागून वाक्य तुटलं, छाती भरून आली किंवा खोकल्याची उबळ आली, तर आणखी दोन दिवस थांबा.

एक उदाहरण, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

फोंड्याची एक बेचाळीस वर्षांची बँक कर्मचारी घ्या. आठवड्याला चार दिवस मिळून ४० किलोमीटर धावते. सकाळची नाडी ५८, हळू धावताना १४० च्या आसपास, वेग किलोमीटरला सात मिनिटं.

सोमवारी संध्याकाळी १०२ ताप आला, घसा आणि खोकला सोबत. बुधवारी डेंग्यूची चाचणी नकारात्मक, प्लेटलेट ठीक. गुरुवारी दुपारी शेवटची गोळी घेतली, त्या रात्री ताप १००. शुक्रवारी गोळी नाही, संध्याकाळी ९९. शुक्रवार हा तिचा शून्य दिवस. ताप चार दिवस होता, म्हणून शनिवार ते मंगळवार विश्रांती. शनिवारी सकाळी नाडी ६९, सोमवारी ६४, बुधवारी ६१. बुधवारी जिनेही जमले.

बुधवारी, म्हणजे पाचव्या दिवशी, सपाट रस्त्यावर २० मिनिटं चालणं. गुरुवारी ३० मिनिटं. शुक्रवारी मुद्दाम काही नाही, कारण श्रमाचा परिणाम कधीकधी एक-दोन दिवसांनी दिसतो. शनिवारी, आठव्या दिवशी, एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. एकूण २४ मिनिटं, त्यात धावणं फक्त आठ. इथे नेहमीच गडबड होते: हे फारच सोपं वाटतं, मग माणूस ‘आता थोडं सलग बघू’ म्हणून आणखी दोन किलोमीटर पळतो. तिनेही पळून पाहिलं. रविवारी सकाळी नाडी ६८, पाय जड, खोकला वाढलेला.

ताप परत आला नव्हता, म्हणजे सगळं पहिल्यापासून करायची गरज नव्हती. अशा वेळी नाडी जागेवर येईपर्यंत विश्रांती आणि नंतर एक पायरी मागे, एवढंच करायचं. रविवारी विश्रांती, सोमवारी नाडी ६२, त्या दिवशी ३० मिनिटं नुसतं चालणं. मंगळवारी पुन्हा तेच एक-दोनचं धावणं-चालणं, या वेळी ठरल्याइतकंच. बुधवारी नाडी ६०. गुरुवारी दोन मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं, आठ वेळा.

शनिवारी, पंधराव्या दिवशी, २५ मिनिटं सलग. सात मिनिटांच्या वेगाने सुरुवात केली तर नाडी पहिल्याच किलोमीटरात १५२ झाली. तिने वेग आठ मिनिटांवर आणला, नाडी १४० च्या आत आली आणि धावणं जमलं. या टप्प्यात घड्याळातला वेग बघायचाच नाही. नाडी नेहमीच्या हळू धावण्याइतकी ठेवायची आणि वेग जो पडेल तो पडू द्यायचा. नाडी मोजायचं घड्याळ नसेल तर बोलून पाहा, पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यात एकूण २० किलोमीटरच्या आत, म्हणजे नेहमीच्या निम्मं, सगळं हळू, आणि लागोपाठ दोन दिवस धावणं नाही. चौथ्या आठवड्यात ३० पर्यंत. त्याच आठवड्याच्या शेवटी, नाडी आणि वेगाचं नातं पूर्वीसारखं झालं असेल तरच, पाच-सहा वेळा अर्धा-अर्धा मिनिट जोरात. पाचव्या आठवड्यात पुन्हा ४०. खऱ्या वेगाचा सराव आणि चढ त्यानंतर. अंतर आधी, वेग मागाहून, हा क्रम उलटवू नका.

ताप दोनच दिवस असेल तर हेच सगळं तीन आठवड्यांत बसतं. सात दिवस ताप असेल किंवा न्यूमोनियापर्यंत गेलं असेल, तर डॉक्टरांनी मोकळं केल्यावरच सुरुवात आणि प्रत्येक पायरीला दुप्पट वेळ.

आपली हवा

आजारपणात अंथरुणात गेलेल्या दिवसांत शरीराची उष्णतेची सवय सुटते. उकाड्यात व्यायाम करणाऱ्याला लवकर आणि भरपूर घाम येतो, रक्तात पाणी जास्त राहतं. ही कमाई एक-दोन आठवड्यांत बरीच उतरते. नुकताच ताप येऊन गेलेला असणं हे श्रमाने होणाऱ्या उष्माघाताचं ओळखीचं कारण आहे. त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस उघडला की आपल्याकडे ऊन कडक आणि हवा मात्र ओलीच. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे पहाटेच, सूर्य वर यायच्या आत संपवा. पणजीत असाल तर मिरामारची किनाऱ्यालगतची सपाट वाट धरा, आल्तिनोचा चढ महिनाभर विसरा. मुख्य म्हणजे घरापासून लांब एका दिशेने जाऊ नका. काम्पालच्या मैदानासारख्या ठिकाणी फेऱ्या मारा, म्हणजे बरं वाटेनासं झालं की लगेच थांबता येतं. निघण्याआधी ग्लासभर पाणी, अर्ध्या तासाहून जास्त धावणार असाल तर परतल्यावर ओआरएस. पुडी जितक्या पाण्यासाठी असेल तितक्याच पाण्यात घोळा, मोठी पुडी एक लिटरची असते. लघवी दिवसभर गडद पिवळी राहत असेल तर तुम्ही पाणी कमी पिताय. अंगावर काटा येणं, डोकं हलकं होणं, पाऊल वेडंवाकडं पडणं दिसलं की तिथेच थांबा, सावलीत बसा, अंगावर पाणी ओता. बोलणं असंबद्ध होऊ लागलं तर पाणी ओतत राहून १०८ ला फोन करायचा.

जिममध्ये जाणाऱ्यांसाठी थोडकं

पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मं वजन, निम्मे संच, श्वास रोखून जोर लावणं नाही. फ्लूनंतर पोटऱ्या आणि मांड्या काही दिवस दुखऱ्या राहतात. लघवी कोका-कोलासारखी गडद झाली तर ते स्नायू फुटत असल्याचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टर. खोकला ओला असेपर्यंत बंद एसी खोलीत इतरांसोबत व्यायाम करू नका, फ्लू साधारण आठवडाभर दुसऱ्याला लागू शकतो.

एक औषधाची गोष्ट. फ्लूला प्रतिजैविक लागत नाही, पण छातीत संसर्ग झाल्यावर कधी लेव्होफ्लॉक्सासिन किंवा त्याच जातीचं दुसरं प्रतिजैविक दिलं जातं. या औषधांनी टाचेमागचा स्नायुबंध दुखावू किंवा क्वचित तुटू शकतो, कधी औषध संपल्यावर काही आठवड्यांनीही. ते घेतलं असेल तर धावणं आणखी सावकाश वाढवा आणि टाचेमागे दुखलं की थांबून डॉक्टरांना सांगा.

कधी थांबून तपासणी करायची

छातीत दुखणं किंवा दाब, विश्रांतीत धडधड किंवा ठोके चुकल्यासारखं वाटणं, धावताना चक्कर येऊन पडणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, पायांना सूज. यातलं एकही असेल तर व्यायाम त्याच क्षणी बंद आणि हृदयाची तपासणी. ईसीजी, रक्तातलं ट्रोपोनिन आणि इको यांतून बरंच कळतं. ‘फक्त अशक्तपणा आहे’ असं कुणी म्हटलं तर अलीकडेच ताप येऊन गेल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. बरं वाटून दोन-तीन दिवस झाल्यावर पुन्हा ताप चढला आणि खोकला वाढला, तर न्यूमोनियाची शंका घेऊन छाती तपासून घ्या.

सुका खोकला एकटाच मागे राहणं मात्र नेहमीचं आहे. फ्लूनंतर तो कित्येक आठवडे रेंगाळतो. नाडी जागेवर असेल, ताप नसेल, धाप लागत नसेल, तर त्याच्यामुळे हळू धावणं थांबवायची गरज नाही. धावताना उबळ आली तर चालायचं. तीन आठवड्यांनंतरही तो कमी होत नसेल किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दाखवून घ्या.

राहिला स्पर्धेचा प्रश्न. शून्य दिवसापासून स्पर्धा दोन आठवड्यांच्या आत असेल तर ती सोडा. तीन-चार आठवडे हाताशी असतील आणि वरच्या पायऱ्या विनातक्रार पार पडल्या असतील, तर छोट्या अंतरात नाव बदलून घेता येतं का ते आयोजकांना विचारा. पाच आठवडे किंवा जास्त असतील तर अर्धमॅरेथॉन हळू धावून पूर्ण करता येईल, वेळेचं लक्ष्य न ठेवता. बुडालेले किलोमीटर भरून काढायला शेवटच्या आठवड्यांत लांब पल्ले घुसवू नका. सरावाच्या तक्त्यातले ते दिवस खोडा आणि आज जिथे आहात तिथून पुढचा तक्ता लिहा.